तेवीस तळटिपा

आमच्या नाटक मंडळीत ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि तिचं काम असं होतं की ते चोख झालं तर कुणाला कळूच नये. ती प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायची, मांडीवर संहिता, आणि आमच्यापैकी कुणाची गाडी अडली की पुढचे दोन शब्द हळूच सोडायची. दोनच. मी एकदा चिडून म्हणालो होतो, "बाई, पूर्ण वाक्य दिलंत तर काय बिघडेल?"

"मग तुम्ही माझ्याकडे कान लावून बसाल, राजे. समोर हजार माणसं बसलीत, त्यांच्याशी कोण बोलेल?"

मी बहुतेक नाटकांत राजाच असायचो, म्हणून राजे. राज्य कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं.

अकरा वर्षं तिने आम्हाला सांभाळलं. मग शाळेत इंग्रजी शिकवायला लागली आणि तीस वर्षं शिकवत राहिली. लग्न केलं नाही. थोरल्या भावाची बायको लवकर गेली, तेव्हा त्याच्या घरी राहायला गेली ती तिथलीच झाली. भाऊ म्हणजे आमचे दादा, एका मराठी दैनिकाचे संपादक. चाळीस वर्षं अग्रलेख लिहिले. अग्रलेखाखाली नाव नसतं, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या वाक्यांवर भांडायचं आणि रस्त्यात दादा दिसले तर ओळखायचं नाही. मुलगा परदेशात. दादांना आता चौऱ्यांशी पूर्ण झाली, आणि तीन वर्षांपूर्वी दृष्टी गेली ती गेलीच.

अशा घरातून गेल्या महिन्यात मला फोन आला. "राजे, आवाज शाबूत आहे का?"

"आवाजच तेवढा शाबूत आहे. बाकीच्याची चौकशी करू नका."

"मग दुपारी या. दादांना इंग्रजी वाचून दाखवायचंय. मी वाचलं की म्हणतात, तू कुजबुजतेस."

प्रकरण असं होतं. परदेशातल्या एका त्रैमासिकाने निरनिराळ्या भाषांतल्या वर्तमानपत्रांवर अंक काढायचं ठरवलं होतं. त्यांनी दादांचा सव्वीस वर्षांपूर्वीचा एक अग्रलेख निवडला आणि अनुवाद बाईंकडे दिला. दैनिकाने लेखी परवानगी दिली होती. पण दादांनी हो म्हटल्याशिवाय एक ओळही पाठवणार नाही, असं बाईंनी स्वतःशी ठरवलं होतं. अंक शुक्रवारी छापायला जाणार होता, आणि मी गेलो तो बुधवार होता. दादांचं लिखाण त्यांच्या हयातीत परक्या माणसांनी वाचण्याची ही पहिलीच वेळ, आणि वयाकडे पाहता बहुधा शेवटची. त्या परक्यांमध्ये त्यांची सख्खी नातही होती. सोळा वर्षांची. फोनवर मराठी बोलते, पण आजोबांचं छापील मराठी तिला दगडासारखं लागतं.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिल्या चार ओळींतच तीन आकडे!

"बाई, हे आकडे वाचायचे?"

"वाचा. खाली टिपा आहेत."

मी वाक्य वाचलं, टीप वाचली, परत वर गेलो, पुढचा शब्द वाचला, परत खाली. एक टीप पक्षाच्या फुटीवर, एक विरोधी पक्षनेत्याच्या बंगल्यावर, एक सभापतींच्या निर्णायक मतावर. विंगेत दोन शब्दांवर भागवणारी ही बाई, तिने आठशे शब्दांच्या अग्रलेखाला तेवीस तळटिपा लावल्या होत्या. पाचव्या टिपेला माझा श्वास संपला, नवव्या टिपेला दादांचा संयम.

"राजे, थांबा. हा अग्रलेख आहे का औषधाच्या खोक्यातला कागद?"

"दादा, त्या लोकांना इथलं काही माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"मग त्यांना इतिहासाचं पुस्तक पाठव. माझ्या लेखाला कशाला बेड्या घालतेस?"

बाईंनी निमूटपणे मला एक पत्र वाचायला दिलं. त्रैमासिकाच्या संपादिकेचं. भाषा गोड, अर्थ तोच. तळटिपा एकही नको. लेखाच्या वर चौकटीत साठ शब्दांची प्रस्तावना चालेल. बाकी जे सांगायचं ते मजकुरातच सामावून घ्या.

मी म्हणालो, "बाई, आम्हाला दोन शब्द पुरायचे, आणि यांना तेवीस टिपा?"

"तुम्हाला नाटक पाठ होतं, राजे. तुम्ही फक्त विसरायचात. या लोकांना नाटकच ठाऊक नाही." आणि मग हळूच, "आणि दादांचं एक वाक्य जरी त्यांना कळलं नाही, तर ते म्हणतील, लिहिणाराच सुमार होता."

तेव्हा मला कळलं, तेवीस टिपा ही हौस नव्हती. भीती होती.

त्या अग्रलेखाचा प्राण म्हणजे सुरुवातीच्या चार ओळी. मूळ मराठी दादांना अजून तोंडपाठ आहे. त्यांनी म्हणून दाखवलं: "काल सरकार एका मताने पडले. ते एक मत घरी तापाने फणफणत होते. सकाळी बंगल्यावरून डॉक्टर रवाना झाला, तेव्हा काळजीचे कारण नाही. ईश्वर त्यास लवकर आराम देवो; शपथविधीला जायचे असेल."

मी खो खो हसलो. सव्वीस वर्षांपूर्वीही हसलो होतो. त्या दिवशी आमच्या तालमीत कात्रण हातोहात फिरलं होतं.

"आता इंग्रजीत हसा," दादा म्हणाले.

मी इंग्रजी वाचलं. हसू येईना. 'बंगला' शब्दावर आकडा, खाली जायचं, तिथे विरोधी पक्षनेता भेटायचा, वर यायचं, तोवर डॉक्टर निघून गेलेला!

"बाई," मी म्हणालो, "विनोदाची तयारी आधी करायची असते. पडदा पडल्यावर प्रेक्षकांना घरी गाठून समजावलं तर कुणी हसत नाही."

त्यांनी कागद ओढून घेतला. दोन तास तिथेच टेबलाशी बसून त्या खोडत राहिल्या. 'बंगल्यावरून' चं झालं 'विरोधी पक्षनेत्याच्या बंगल्यावरून'. एका टोपणनावाच्या जागी सरळ 'माजी अर्थमंत्री' बसले. पक्षफुटीची सगळी हकिकत गेली. लेख तिच्यावाचून उभा राहत होता. सभापतीही गेले. दर टीप पुसताना बाई अशा थांबायच्या, जणू कुणाला स्टेशनवर सोडून येताहेत.

मी नवी प्रत वाचली. आता वाक्यं चालायला लागली होती. दादांची मान हलत होती. फक्त वर, तापाच्या ओळीवर, ती थबकली होती.

"ती तापाची ओळ परत वाचा."

मी परत वाचलं. बाईंनी तिथे सहा-सात शब्द जास्तीचे घातले होते. मराठीत अर्थ असा, की मंत्रिपदाच्या आश्वासनावर आजारी पडलेले ते मत घरी फणफणत होते.

"हे मी लिहिलेलं नाही," दादा म्हणाले. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"पण अर्थ तोच आहे ना, दादा! सगळ्या गावाला माहीत होतं."

"गावाला माहीत होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. डॉक्टर गेला हे आमच्या बातमीदाराने स्वतः पाहिलं, मोटारीचा नंबर टिपून आणला. म्हणून डॉक्टर छापला. आश्वासन कुणी पाहिलं? चाळीस वर्षांत मला एकाही वाक्याची माफी मागावी लागली नाही, धाकटे. आता तू इंग्रजीत माझ्या तोंडून आरोप करवतेस?"

बाईंचा चेहरा पडला. मी इतक्या वर्षांत तिला चूक करताना पाहिलं नव्हतं, आणि ही चूकसुद्धा मायेची होती. परक्याला कळावं म्हणून तिने भावाचा टोमणा उचलून त्याचा आरोप केला होता.

"मग परक्याला कसं कळणार?" ती म्हणाली. "काढला शब्द तर नुसता ताप उरतो. एक माणूस आजारी पडला, देव त्याला बरं करो. शुभेच्छापत्र वाटेल."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"तो मंत्री कधी झाला?" दादांनी विचारलं.

"तेराव्या दिवशी. माझ्या एकोणिसाव्या टिपेत होतं."

"राजपत्रात छापून आलेली गोष्ट. तिला पुरावा लागत नाही. ती दे. तारखा दे, धाकटे. निष्कर्ष वाचणारा काढेल, तो काही बुद्धू नाही."

"पण लिहिताना तुम्हाला तेरावा दिवस कुठे माहीत होता? तुमच्या मजकुरात कसा घालू?"

"माझ्यात नकोच घालू. साठ शब्दांची चौकट आहे ना? ती तुझी. खाली मी. तुला जे माहीत आहे ते तू वर सांग, मला जे माहीत होतं ते मी खाली सांगतो. एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही."

बाईंनी चौकट लिहिली. अर्थ असा: सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. मतदानाच्या दिवशी सरकार पक्षाचा एक सदस्य ताप आहे म्हणून सभागृहात आला नाही, आणि सरकार एका मताने पडलं. पुढील अग्रलेख दुसऱ्या दिवशी सकाळी छापला गेला. तेराव्या दिवशी त्या सदस्याने नव्या सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली. इंग्रजीत बावन्न शब्द झाले. आठ उरले, तर मी म्हटलं काहीतरी घाला, बाई म्हणाल्या, "राहू देत. वाचणाऱ्याला बसायला जागा लागते."

"आता मला वाचून काय दाखवता?" दादा म्हणाले. "मला सगळं माहीत आहे. ज्याला काही माहीत नाही त्याला वाचून दाखवा."

नातीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. ती दात घासत घासतच पडद्यावर आली. "हॅलो आत्या आजी! हे आजोबा कोण?"

"हे राजे," बाई म्हणाल्या. "वाचतील ते ऐक. मध्ये बोलू नकोस."

मंडळींनो, मी भरल्या नाट्यगृहांत कामं केली आहेत. पण ब्रश तोंडात धरलेल्या त्या एका प्रेक्षकासाठी मी चष्मा दोनदा पुसला. चौकट वाचली. मग चार ओळी. बाई माझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत नव्हता. शपथविधीशी आलो आणि फोनमधून फुर्रकन आवाज आला. टूथपेस्ट आरशावर उडाली होती.

"ओ माय गॉड, आजोबा! हे तुम्ही लिहिलंय? तुम्ही इतके खवचट आहात?"

दादा आवाजाच्या दिशेने वळले. "अजून आहे पुढे. ऐक."

ती तोंड पुसून पलंगावर बसली आणि शेवटपर्यंत ऐकलं. अर्ध्यानंतर हसली नाही, कारण पुढे दादांनी हसवलेलं नाही. पडलेल्या सरकारचं सोडा, विश्वासच विकत मिळू लागला तर काय करायचं, हे विचारलं आहे. मी थांबलो तशी ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आजोबा, त्याला खरंच ताप होता का?"

दादांनी खुर्चीच्या हातावर बोटं टेकवली. "मला माहीत नाही बाळा. म्हणून तर तसं लिहिलं."

"पण तुम्हाला काय वाटतं? छापायचं नाही. मलाच सांगा."

दादा हसले. "धाकटे," ते म्हणाले, "पाठवून दे लेख. आणि हा फोन माझ्या जवळ आणून ठेव, मला नीट ऐकू येत नाही."

ते साफ खोटं होतं. त्यांना टाचणी पडलेली ऐकू येते. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला, टेबलाशी गेल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लेख पाठवला. मागे दादा सांगत होते, "तर हा माणूस, बरं का, आधी शाळेत ड्रिल मास्तर होता," आणि तिकडून "हं, मग?" येत होतं. बाईंनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार अर्धं लोटून घेतलं.

चहा झाला, निवला, पुन्हा गरम केला. तरी दादांकडे कुणी गेलं नाही.