पहिल्या बिलाचा मुहूर्त

आमच्या कारखान्याचं नाव बदलायला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कारखान्यात अजूनही कुणीकुणी म्हणतं की बाईला नवं काही खपत नाही. खपत नाही ते अर्धवट केलेलं काम, नवं असो की जुनं.

यवतमाळच्या एमआयडीसीत आम्ही डाळ मिलची मशिनं बनवतो. छोटी, गावात एखाद्या शेडमध्ये बसतील अशी. ऑर्डरी, बिलं आणि ग्राहकांचे फोन हा माझा विभाग, आणि त्यात मी इतकी वर्षं काढली आहेत की फोनवर नुसतं ‘हॅलो’ ऐकून मी गाव सांगते. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी भागीदारीत फर्म काढली होती. भाऊंनी तिच्या जागी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायचं ठरवलं. ठरवलं ते चांगलंच केलं.

पण लोकांना वाटतं की नाव बदलणं म्हणजे फाटकावरची पाटी बदलणं. फर्म आणि कंपनी हे कायद्याने दोन वेगळे जीव. पॅन नवा, जीएसटी नंबर नवा, बँकेचं खातं नवं. ग्राहकाच्या कागदावर माल देणारा माणूसच बदलतो. नव्या ग्राहकाला त्याचं काही नाही. ज्याची ऑर्डर आधीच आपल्याकडे पडली आहे, त्याचा जीव मात्र टांगणीला लागतो.

म्हणून मी भाऊंना आणि सीएसाहेबांना समोरासमोर बसवून एक गोष्ट पक्की करून घेतली. जुन्या ऑर्डरी जुन्या फर्मनेच पुऱ्या करायच्या. बिल फर्मचं, पैसे फर्मच्या खात्यात, आणि शेवटची ऑर्डर संपेपर्यंत फर्मचा जीएसटी नंबर बंद करायचा नाही. कंपनीने फक्त नव्या ऑर्डरी घ्यायच्या. पुढे मशीन बिघडलं तर दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची, मग ते कुठल्याही नावाने विकलेलं असो. सीएसाहेब म्हणाले, बरोबर आहे. भाऊ म्हणाले, ‘ताई, तुमी म्हनान तसं.’

पत्रंही मी दोन लिहिली. सगळ्यांना एकच पत्र पाठवणं हा आळशीपणा आहे. ज्यांची ऑर्डर नव्हती त्यांना नवं नाव, नवा नंबर, नवं खातं कळवलं, आणि खाली लिहिलं की खातं बदलल्याच्या पत्रावर विश्वास ठेवू नका, तुमच्याकडे असलेल्या आमच्या जुन्याच फोनवर विचारून खात्री करा. ज्यांची ऑर्डर चालू होती त्यांना लिहिलं: तुमची ऑर्डर, भाव, भरलेला अ‍ॅडव्हान्स, मशीन मिळायची तारीख, सगळं आहे तसंच आहे. बिल जुन्याच नावाने येईल. तुम्हाला काहीही करायचं नाही.

शेवटचं वाक्य मी ठळक छापलं होतं.

मग फोन सुरू झाले. बोरी अरबच्या एकाने आधी मलाच दरडावलं, ‘तुमच्या नावानं कोनतरी फसवून राह्यलं!’ मी म्हटलं, शाबास, असंच विचारत जा. ढाणकीचा एक व्यापारी तर सरळच बोलला, ‘बाई, आमच्या इकडं नाव बदलते तो पळते. तुमी पळून तं नाही चालले न?’ मी म्हटलं, मी इथेच बसले आहे, या आणि बघून जा. तो खरंच आला, चहा पिऊन गेला. सगळं सुरळीत झालं होतं. एकाही जुन्या ऑर्डरला धक्का लागला नव्हता. आणि मग आला दसरा.

दसऱ्याला मी दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. माझ्या लग्नाच्या आधीपासून जाते. त्या दिवशी मी ऑफिसात नसते हे कारखान्यातल्या वॉचमनलाही ठाऊक आहे. नेमक्या त्या दिवशी भाऊंनी नव्या कंपनीचा मुहूर्त धरला. धरू द्या, पाटीला हार घाला, पेढे वाटा. पण त्यांच्या पूजेला आलेल्या गुरुजींनी सांगितलं की कंपनीचं पहिलं बिल लक्ष्मीच्या नावाने फाडा, बरकत येईल. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. यार्डात एक मशीन रंगवून तयार उभं होतं, मुकुटबनकडच्या बायकांच्या बचत गटाचं. एक नाही, गटभर लक्ष्म्या! लगेच कंपनीचं एक नंबरचं बिल त्या गटाच्या नावाने निघालं. त्याला हळदकुंकू लागलं, मशीनपुढे फोटो निघाले, आणि भाऊंच्या मुलाने ते बिल हौसेने ई-मेलने गटाच्या बँकेला धाडूनही दिलं.

मी परत आले आणि ते बिल पाहिलं. माझं डोकं फिरलं. आमच्या सगळ्या ग्राहकांत ह्याच गटाचं प्रकरण सर्वांत नाजूक, कारण त्यांचं मशीन बँकेच्या कर्जावर होतं. आमच्या फर्मचं कोटेशन पाहून बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. बँक पैसे बायकांच्या हातात देत नाही, मंजुरीत ज्याचं नाव आहे त्या विक्रेत्याच्या खात्यात सोडते. आता बिल भलत्याच कंपनीचं, नंबर भलताच, खातं भलतंच. बँकेने करायचं तेच केलं, बिल परत पाठवलं. विक्रेता बदलायचा तर नवं कोटेशन आणा, प्रस्ताव पुन्हा वरच्या ऑफिसला जाईल, अनुदानाच्या अर्जातही दुरुस्ती करा. म्हणजे तूर निघून, विकून, खाऊन झाल्यावर मशीन मिळणार. त्या बायकांनी शेड भाड्याने घेऊन ठेवली होती, तीन फेजचं मीटर बसवून घेतलं होतं, आणि गावाला शब्द दिला होता की यंदाची तूर बाहेर जाऊ देऊ नका, डाळ आपल्याकडेच करू. हा हंगाम हुकला की पूर्ण वर्ष शेड रिकामी, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही.

आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा पुढेच आहे. ते मशीन फर्मच्या स्टॉकमध्ये होतं. कंपनीने ते घेतलेलंच नव्हतं. म्हणजे आमच्या नव्या कोऱ्या कंपनीने पहिल्याच दिवशी काय विकलं, तर दुसऱ्याची वस्तू. तीही कुंकू लावून!

मी भाऊंना म्हटलं, मशीन अजून फाटकाबाहेर गेलेलं नाही. कंपनीची क्रेडिट नोट काढून हे बिल उलटवू, फर्मचं बिल काढू, बँकेत देऊ. अर्ध्या तासाचं काम आहे.

भाऊंचा चेहरा उतरला. ‘ताई, पह्यलंच बिल वापस? कंपनीचं खातंच उलट्या बिलानं सुरू कराव? अपशकून होते न.’

‘मग त्या बायकांचं काय?’

‘त्याइले सांगा न बँकेत जाऊन नाव बदलून घ्या म्हना. एक अर्ज तं द्या लागते.’

एक अर्ज! ज्याने जन्मात स्वतः बँकेच्या रांगेत पाय ठेवला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुहूर्त ह्यांचा, हौस ह्यांची, आणि खेटे घालायचे मुकुटबनच्या बायकांनी. मी तावातावाने बोलले, पुष्कळ बोलले. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले आणि ‘पाहू’ म्हणाले. त्यांचं ‘पाहू’ मला माहीत आहे. ते दिवाळीपर्यंत चालतं.

दोन दिवसांनी गटाच्या अध्यक्षबाई स्वतःच आल्या. पांढरकवड्याला गाडी बदलून, सोबत गटातल्या आणखी एका बाईला घेऊन. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून माझं पत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

‘म्याडम, हे तुमीच लिवलं न? तुमाले काईच करा लागत नाही म्हून?’

मला तोंड वर करवेना. चूक माझी नव्हती, पण वाक्य माझं होतं, आणि मी शब्द दिला की तो माझा असतो. मी उठले आणि त्या दोघींना थेट भाऊंच्या केबिनमध्ये नेलं. म्हटलं, भाऊ, हे मला सांगितलंत ते आता ह्यांना सांगा.

भाऊंनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि मुहूर्ताचं, गुरुजींचं, लक्ष्मीचं सगळं गोड आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘तुमचाच मान केला बाई आमी. आता बँकेत जाऊन येवढं नाव बदलून घ्या.’

अध्यक्षबाईंनी पदर सारखा केला. आवाज त्यांनी चढवला नाही, माझा चढला असता.

‘भाऊ, लगन झालं तवा माहं नाव बदललं. आधारवर येक, पासबुकात येक. ते येक कराले मी किती चकरा मारल्या ते माह्या जिवाले ठाव. ह्या माह्या जावेचं तं अजून झालं नाही. आमचं नाव बदललं तवा आमीच हिंडलो. आता तुमचं बदललं, तं बी आमीच हिंडाव काय?’

भाऊंनी कपाटावर ठेवलेल्या त्या कुंकू लावलेल्या बिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘काढा ताई, काढा ते क्रेडिट नोट.’

मी काढली. तिच्या मागोमाग फर्मचं बिल काढलं, मंजुरीच्या कागदावरचं नाव, जीएसटी नंबर, खातं आणि मशीनचा नंबर ताडून पाहिला. मग मला राहवेना. मी म्हटलं, हे बिल आता ई-मेलने जाणार नाही. हिंडायचं तर आपण हिंडू. भाऊ आढेवेढे घेऊ लागले, पण त्या दोघी समोर होत्या. शेवटी त्यांना आणि मला घेऊन भाऊंनी गाडी काढली.

त्यांच्या गावच्या बँकेत गर्दी होती. कर्जाचे साहेब कुणाशी तरी बोलत होते, मग जेवायला गेले. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो. भाऊंना बाकावर बसायची सवय नाही. ते उठत, काचेपर्यंत जात, शिपाई त्यांना मागे फिरवी, ते परत येऊन बसत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

साहेब आले, त्यांनी बिल मंजुरीशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, ‘आता बरोबर आहे. पैसे आजच सोडतो, मशीन भरा.’ सहीला मिनिटही लागलं नाही.

बाहेर येऊन भाऊंनी घाम पुसला. खरंच वैतागले होते. अध्यक्षबाईंना म्हणाले, ‘बाप्पा! अर्धा दिवस गेला. इथं रोज येवढा टाइम लागते काय?’

‘नाही भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘आज तुमी होते म्हून लवकर झालं.’