तिन्ही पाळ्यांचा चहा

बायडाबाईच्या चहाची कीर्ती सिल्वासाजवळच्या सायलीत कारखान्यांच्या भिंतींपेक्षा लवकर उभी राहिली. साक्रीकडच्या कोरडवाहू गावातून ती नवऱ्यामागे सिल्वासाला आली तेव्हा तिथल्या आमली भागात भाड्याची खोली मिळणेही मुश्कील होते. पुढे नवरा गेला, आणि सूत काढणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर तिने चार पत्रे उभे करून स्टोव्ह पेटवला. पहाटेच्या पाळीला येणारे कामगार आत शिरण्यापूर्वी तिथे थांबत. कुणी धुळ्याकडचा, कुणी डहाणूकडचा, कुणी थेट बिहारचा. बोली वेगवेगळ्या, पण पहिल्या घोटानंतरचा हुंकार सगळ्यांचा एकच. ‘बाईच्या हाताला चव आहे,’ असे लोक म्हणत. बाईही तसेच मानत असे. हात ही तिची एकमेव मालमत्ता होती आणि ती कुणाला वाटून देता येईल असे तिच्या मनातही आले नव्हते.

पण एका माणसाचा हात दिवसभर पुरत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालू लागला तसे बाईने दोघांना कामाला घेतले. दुपारचा चहा तिच्याच गावाकडचा चिंधा करी. संध्याकाळचा करी जवळच्या अथाल गावची पुतळाबाई, बाईच्याच वयाची, कमी बोलणारी आणि बोलली तर सरळ बोलणारी.

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात कारखान्याने ठरवले की फाटकाबाहेरच्या टपऱ्या उठवायच्या आणि त्यांतल्या एकीलाच आवारात पक्की जागा द्यायची. निवडीचे काम हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातल्या मंगेश सावंतांकडे आले. पालघरकडून आलेला हा गृहस्थ मोजके बोलणारा आणि न्यायाने वागणारा होता. तो एका सकाळी टपरीवर येऊन बाकावर बसला.

“बाई, चहा तुमचाच चांगला. त्यात वाद नाही.”

“मग जागा आमचीच ना, भाऊ?”

“तिथेच अडलंय. सकाळची पाळी म्हणते चहा फर्मास. दुपारची म्हणते कडू. संध्याकाळची म्हणते, आम्हाला चहाच्या नावानं खीर पाजतात. परवा दोन पाळ्यांत यावरून हमरीतुमरी झाली. एका कारखान्यात एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, हे मी आवारात चालू देणार नाही. महिनाअखेरपर्यंत तिन्ही वेळचा चहा एक करा. नाहीतर पलीकडच्या टपरीला जागा. त्यांचा बेताचाच असतो, पण तिन्ही वेळा सारखाच बेताचा.”

मंगेश गेला. चिंधा हसू दाबत म्हणाला, “मावशी, आपण बी बेताचा करूत ना मग. सोपं काम!”

“तुझं थोबाड बेताचं कर आधी,” बाई म्हणाली. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जागा गेली तर तिची चूल कशीबशी पेटली असती. पुतळाबाईच्या आणि चिंध्याच्या घरची मात्र विझली असती.

तिने प्रथम चिंध्याला समोर बसवून आधण ठेवायला लावले. तो डब्यात हात घालून मूठभर पत्ती टाकी, आणि मूठ त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे लहानमोठी होई. बाईने एक लहान वाटी माप म्हणून ठरवली. तरी चव हलायचीच, कारण चिंधा वाटी शीग लावून भरे आणि पुतळाबाई काठाच्या आत. तेव्हा पुतळाबाईनेच बांबूची एक कामटी तासून आणली. वाटी भरायची आणि कामटी काठावरून फिरवायची; वर राहील ते डब्यात परत. साखरेलाही तोच नियम, आले ठेचायला एकच खलबत्ता, पाण्याला आणि दुधाला एकच लिटरचे माप.

मग वेळेचा प्रश्न आला. चिंधा स्टोव्हला पंप मारमारून जाळ भडकवी, पुतळाबाई रॉकेल वाचवायला मंद ठेवी. पातेले स्टोव्हवर ठेवल्यापासून वेळ धरली तर दोघांचे कधीच जुळेना. बाईने आमलीच्या बाजारातून गजराचे घड्याळ आणले आणि ठरवले की वेळ धरायची ती खळखळ उकळी फुटल्यापासून. साखर-आल्याचे पाणी उकळले की पत्ती, आणि त्यावर तीन मिनिटे. मग दूध, ते परत वर आले की जाळ कमी करून चार मिनिटे. लगेच गाळायचे. गाळल्यावर चोथा पिळायचा नाही, आणि तो पुढच्या आधणात टाकायचा नाही.

“शाळेत बी इतकं शिस्तीनं बसलो नव्हतो,” चिंधा कुरकुरला. पण दुपारचा कडवटपणा गेला. कामगारांच्या तोंडावर ते दिसले.

संध्याकाळ मात्र सुधारली नाही. उलट कडू नाहीसे झाल्यावर दुधाळपणा जास्तच जाणवू लागला. “पुतळामावशी, बासुंदीत चारोळी टाक की थोडी!” असे टोमणे येऊ लागले. बाईने चाखून पाहिले. जाड, किंचित शिजट गोड, जिभेवर साय बसल्यासारखा. तिने एकच अर्थ काढला आणि तो तिखट शब्दांत बोलून दाखवला.

“दूध सैल हातानं घालतेस तू. गिऱ्हाइकांत चांगली म्हणवून घ्यायला.”

पुतळाबाईने फडके खाली ठेवले. “बाय, आज तू घरी जाऊ नको. इथं बस. मी काय करते ते बघ. मग बोल.”

आणि बाई बसली. स्वतःच्या टपरीत हात न लावता बसण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. तिची वेळ पहाटेची. उजाडून उन्हे वर आली की ती आमलीला परते. मध्ये कधी आली तरी उभ्याउभ्या; आपल्या टपरीची दुपार कशी कलते, हे तिने बसून कधी पाहिलेच नव्हते. पुतळाबाईने वाटी भरली, कामटी फिरवली. घड्याळाकडे पाहिले. दुधाचे माप काठोकाठ भरले, ना थेंब जास्त ना थेंब कमी. चहा झाला, गाळला, बाईने प्यायला. तोच जाड चहा. माप खरे, वेळ खरी, आणि तरी चव खोटी! आता आणखी मोजायचे तरी काय उरले होते?

पाळीचा भोंगा होण्यास अवकाश होता. टपरीत कुणी नव्हते. दुधाचे मोठे पातेले कोपऱ्यातल्या स्टोव्हवर मंद जाळावर होते, पहाटेपासून होते तसे. ‘दूध थंड होऊ द्यायचं नाही, नासेल,’ ही बाईचीच आज्ञा. तिची नजर सहज त्या पातेल्याच्या आतल्या अंगावर गेली. पुतळाबाईने शेवटचे माप घेतले तेव्हा दूध जिथे होते, तिथे सायीची एक पुसट रेघ वाळून चिकटली होती. दूध त्या रेघेच्या खाली गेले होते. मधल्या वेळात कुणी माप बुडवले नव्हते. ती स्वतः तिथे बसून होती.

ती उठून पातेल्यावर वाकली. पांढरी वाफ तिच्या तोंडावर आली आणि पत्र्याच्या फटीतून विरून गेली. बाई पाहतच राहिली. दिवसभर, कुणाचा हात न लागता, दूध स्वतःला आटवत होते. पहाटे तिच्या मापात दूध येई. दुपारी चिंध्याच्या त्याच मापात थोडे अधिक दूध येई, जे त्याच्या मुठीच्या कडवटपणाखाली झाकले जाई. आणि संध्याकाळी पुतळाबाईच्या मापात पहाटेपेक्षा कितीतरी जास्त दुधाचा अर्क येई. माप तेच होते. मापात येणारी वस्तू तासातासाला बदलत होती. माणसांवर नजर ठेवता ठेवता तिने वेळेवर नजर ठेवलीच नव्हती, आणि वेळ तिच्या डोळ्यांसमोर वाफ होऊन उडत होती.

“पुतळा,” ती हळूच म्हणाली, “इकडं ये. ही रेघ बघ.”

पुतळाबाईने पाहिले. बराच वेळ पाहिले. “हे दूध तर सोताला पेतंय, बाय. कुणी नसताना आपलं आपणच पेतंय!”

“मी तुला बोलले ते चुकले. हात तुझा सरळच होता.”

“ते मला ठाऊक होतं,” पुतळाबाई म्हणाली. “पण दूध असं करतंय, ते नव्हतं ठाऊक.”

दुसऱ्या दिवसापासून दुधाची रीत बदलली. दूध एकदाच पूर्ण उकळून खाली उतरवायचे, पातेले थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून लवकर निववायचे, झाकायचे. साय धरली की ती काढून कुणाच्या वाट्याला द्यायची नाही. माप घेण्याआधी खालपासून ढवळून दुधातच मोडायची, नाहीतर पहिल्याला सगळी साय आणि शेवटच्याला नुसते पाणीदार दूध. सकाळच्या उरलेल्या दुधात नवे ओतायचे नाही. गवळ्याला सांगून त्याच म्हशींचे दूध दुपारनंतर वेगळे घ्यायचे.

तरी पहिल्या दिवशी चहा बिघडलाच. गार दूध पडताच उकळी मोडली, परत वर यायला उशीर लागला, तेवढा वेळ पत्ती आत शिजत राहिली आणि चहा तुरट झाला. चिंध्याने कपाळाला हात लावला. पण आता तिघांनाही पाहायची सवय लागली होती. लागेल तेवढेच दूध बाजूच्या स्टोव्हवर गरम करायचे आणि कढत घालायचे, हे चिंध्यानेच सुचवले, आणि आपण सुचवले हे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले.

महिना संपत आला तेव्हा मंगेश न कळवता आला. संध्याकाळच्या पाळीच्या लोकांची गर्दी उसळली होती. बाई टपरीच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी होती. पत्र्याच्या आडोशामुळे आत कोण आहे ते तिला दिसत नव्हते. मंगेशने दोन पेले घेतले, एक तिच्या हातात दिला.

बाईने घोट घेतला आणि ती थबकली. आल्याची धग आधी, मग पत्तीचा कस, मग दूध, जिभेवर न रेंगाळणारे. तिचाच चहा. पण तिने तो केला नव्हता. आत पुतळाबाई होती, की आज थांबलेला चिंधा? तिने पुन्हा घोट घेतला, डोळे मिटून शोधले. कुणाचाच हात सापडेना. देहाबरोबर एक दिवस जाईल असे जे तिने समजून ठेवले होते, ते तिच्यावाचून, तिच्यासमोर, वाफाळत उभे होते. आणि ते वाटल्याने उणे झाले नव्हते.

“कुणी केलाय?” मंगेशने विचारले.

“नाही ओळखता येत, भाऊ,” बाई म्हणाली. तिचा आवाज मंदिरात बोलावा तसा खाली गेला होता. “खरंच नाही येत.”

“सकाळी मी इथेच प्यायलो होतो. दुपारीही माणूस पाठवला होता.” त्याने पेला रिकामा केला. “सोमवारी आतल्या जागेवर पत्रे हलवा.”

गर्दीत सकाळच्या पाळीचा एक जण जादा काम संपवून उभा होता; शेजारच्या संध्याकाळच्या पाळीवाल्याला तो म्हणाला, “काय रे, तुम्हाला पण हाच देतात?” दुसऱ्याने मान डोलावली. दोघे एकाच बाकावर सरकून बसले.

बाईने तो सबंध पेला उभ्याने, अगदी सावकाश संपवला.