मेलेल्याच्या उन्हात

आमचे हे, राजरत्न, गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय फोटोला हात लावत नाहीत. अंबरनाथ पूर्वेला आमचा स्टुडिओ. काऊंटरवर मी, आत कॉम्प्युटरवर हे. मी गोड बोलून माणूस बसवायचा आणि ह्यांनी आतून ओरडून उठवायचा, असा आमचा संसार. सासऱ्यांची फार इच्छा होती की पोरानं त्यांच्यासारखं ऑर्डनन्स फॅक्टरीत चिकटावं. हे म्हणाले, तिथं साहेबापुढे तोंड बंद ठेवावं लागतं. गेलेच नाहीत. सासऱ्यांनी त्या रागानं मरेपर्यंत ह्यांच्याशी धड शब्द काढला नाही.

मिक्सिंग हे उल्हासनगरला शिकले. मिक्सिंग म्हणजे एका फोटोतला माणूस कापायचा आणि दुसऱ्या फोटोत नेऊन उभा करायचा. तिथला शेट म्हणायचा, "चलता है राजू, कौन देखता है?" हे म्हणायचे, "मैं देखता हूँ." शेवटी एक दिवस शेटनंच दार दाखवलं. मग हा स्टुडिओ टाकला, माझ्या नशिबी!

दोन हजार सहाच्या थंडीत किर्ती आली. कडेवर जेमतेम सव्वा महिन्याचं पोर. नवरा, संतोष, पोर पोटात असतानाच तापानं गेला. सासू चामटोली गावची, वेणूबाई. तिनं तेराव्यालाच सुनेला घराबाहेर काढलं. पांढऱ्या पायाची, माझा लेक खाल्लास, म्हणाली. किर्ती तेव्हापासून कात्रपला माहेरी.

तिनं पिशवीतून फोटो काढला. संतोष, ती आणि पोर, तिघं एकत्र. दुसरीकडून कुठून तरी मिक्सिंग करून आणलेला.

"पोराच्या बारशाला लावायचाय," ती म्हणाली. "पण कुणीतरी तो सासूला दाखवला. चार बायकांत हसली. म्हणाली, बघा, ऊनसुदिक हिच्यापासून तोंड फिरवतंय. माझा लेक मेल्यावरपन हिच्या बाजूला उभा राहत नाय. ताई, आता आमच्याकडचेही म्हणायला लागलेत, खरंच गं, काहीतरी अशुभ दिसतंय. पोराला बापाचं नाव लावतानाही कुजबुजतील."

मला इतकी चीड आली! अशुभ काय? फोटो बिघडवला होता, दुसरं काय! ह्यांनी तो आत नेला आणि आतूनच आवाज आला, "कुठल्या गाढवानं केलंय हे?"

मी म्हटलं, "हळू! बाई रडतेय."

"रडू दे. फोटो बघूनच रडू येतंय." हे बाहेर आले. "संतोषचा फोटो संध्याकाळच्या उन्हातला. ऊन आपल्या उजवीकडून. नाकाची सावली डाव्या बाजूला. आणि हिचा काढलाय स्टुडिओत, लाईटची छत्री डावीकडे, म्हणून हिची सावली उजवीकडे. तो हळदीसारखा पिवळा, ही दुधासारखी निळट. दोन सूर्य आहेत का चामटोलीला?"

"रंग बदलून होणार नाही का?" किर्तीनं विचारलं.

"रंग बदलेल. सावली कुठं हलवू?"

मी मध्ये पडले. "संतोषला उलटा करा ना, आरशातल्यासारखा. ऊन डावीकडून येईल."

"आणि शर्टाचा खिसा उजव्या छातीवर जाईल, भांग दुसऱ्या बाजूला. त्याची आई लांबून ओळखेल, हा माझा लेक नाही म्हणून. तिला आयतं कोलीत द्यायचंय?" मग किर्तीकडे वळले. "त्याचा मूळ फोटो आण. मेलेल्यावर नवा उजेड पाडता येत नाही. जिते आहेत त्यांनी त्याच्या उन्हात जायचं."

मूळ फोटो वेणूबाईच्या अंगणातला निघाला. आदल्या हिवाळ्यातला, दिवस कलताना काढलेला. डाव्या बाजूला गेरूनं सारवलेली भिंत. ह्यांनी ठरवलं, संतोषला हलवायचंच नाही. किर्ती आणि पोराला त्या अंगणात न्यायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. हे हातात संतोषचा फोटो धरून किर्तीला फिरवतायत. थोडी इकडे, थोडी तिकडे, नाही, परत. नाकाची सावली संतोषच्या गालावर जिथपर्यंत पोचली होती, तिथपर्यंत हिच्याही पोचेपर्यंत थांबलो. पोर रडतंय, शेजारीण विचारतेय काय चाललंय, आणि मला ह्यांनी माझी एक लाल-तपकिरी साडी दोन्ही हातांत पसरून धरायला लावून किर्तीच्या सावलीच्या बाजूला उन्हात उभं केलेलं. का? तर गेरूच्या भिंतीवरून परतलेला उजेड संतोषच्या त्या गालावर तांबूस पडलाय, तसा हिच्या गालावर पडायला हवा.

"हात भरून आले," मी म्हटलं.

"साडी खाली केलीस तर पहिल्यापासून," हे म्हणाले. अशा माणसाशी मी लग्न केलं, कुणाला सांगू!

कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवला नाही. ऑटोवर ठेवला की संध्याकाळचा पिवळा कॅमेरा स्वतःच धुऊन टाकतो. डेलाईटवर ठेवला, म्हणजे ऊन जसं होतं तसं आलं. कॅमेराही छातीच्या उंचीवर धरला, मूळ फोटोत होता तसा. पुढं कॉम्प्युटरवर काम उरलं थोडं: जुन्या प्रिंटचा रंग उतरला होता त्याला जुळवणं, आणि रोलवर काढलेल्या फोटोसारखा बारीक रवाळपणा किर्तीवर टाकणं, नाहीतर ती फारच गुळगुळीत दिसली असती.

किर्ती फोटो घेऊन गेली, पैसे देताना हात जोडायला लागली. हे म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक उभंय."

बारसं झालं. आणि दोन दिवसांनी वेणूबाई आमच्या दारात! नऊवारी, कपाळ मोकळं, फोटो हातात. बारशाला आलेल्या कुणीतरी तो तिला दाखवायला नेला, तर तिनं हिसकावून घेतला होता.

"ती माज्या अंगनात कवा शिरली?" तिनं थेट विचारलं. "मी शेतावर गेल्यावर? कोनी घेतली तिला आत?"

"कुणीच नाही, मावशी," मी म्हटलं. "मिक्सिंग आहे ते."

"मला येडी समजतेस? माज्या भिंतीचा रंग तिच्या गालावर पडलाय! माजं ऊन हाये ते!"

हे आतून बाहेर आले आणि त्यांना हसू फुटलं. आयुष्यात एवढी पावती कुणी दिली नव्हती. वेणूबाई जास्तच पेटली. "हसतोस? काड तिला यातून. लेक आनि नातू ठेव."

"पोर कुणाच्या हातावर ठेवू मग? हवेत?"

"कवटाळीण मेली! मीच काडते." आणि काऊंटरवरची कात्री तिनं उचलली. मी पुढं झाले, तर ह्यांनी मला हातानं अडवलं.

तिनं पातं लेक आणि सुनेच्या मधे धरलं आणि थांबली. फोटो डोळ्याजवळ नेला. किर्तीच्या खांद्यावरून पोराच्या कुंचीपर्यंत एक निळसर गडद पट्टा पसरला होता.

"ही कसली सावली?"

"तुमच्या लेकाची," हे म्हणाले. पहिल्यांदाच आवाज खाली आला होता. "ऊन त्याच्या बाजूनं येतंय. शेजारी कुणी उभं असेल तर त्याची सावली त्यांच्यावर पडणारच. मी हातानं काढलीय ती, पण तो असता तर अशीच पडली असती. कापा तुम्ही. कुठूनही कापलंत तरी त्याच्या सावलीचा थोडा तुकडा तिच्याबरोबर जाईल."

वेणूबाईनं कात्री फिरवून पाहिली. वरून, खालून. मग पोराच्या कुंचीवर, सावलीवर, अंगठा ठेवला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिला जवळ घ्यावंसं मात्र मला अजिबात वाटलं नाही.

तिनं कात्री ठेवली. फोटो पदरात गुंडाळला.

"पोराला घेऊन ये म्हनावं तिला," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "माफी बिफी नाय मागनार मी. ऊन कलायच्या टायमाला ये म्हनावं. मला त्या दोगांना अंगनात एकदा खरं बघायचंय."