बाटलीतलं ब्रेक ऑइल

आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो गाडीचा आजार ऐकतो, म्हणून. स्वभावही त्याला साजेसाच. गाडीवाल्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं, ‘कळलं’ म्हणायचं आणि बॉनेट उघडायचं. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. पंचवीस वर्षांत आम्ही भांडलो रोज, पण अबोला एकदाही धरला नाही.

गॅरेज घाटाच्या पायथ्याशी आहे. वर जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबतात, हवा बघतात, पाणी बघतात. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली की डॉक्टर वरून ओतून द्यायचा. त्यासाठी बाकाखाली पाच लिटरचा कॅन असे. त्याचं झाकण कधीच हरवलेलं, तोंडात फडक्याचा बोळा. मी त्याला शंभरदा सांगितलं असेल, की बाबा रे, हे ऑइल हवेतला ओलावा पितं, लहान सीलबंद बाटल्या घे. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, की तुला बाटल्या खपवायच्या आहेत. मग मीही नाद सोडला. दुकानदाराने सांगितलेलं खरं असलं तरी कोणाला पटतं?

डॉक्टरची थोरली बहीण आणि तिचे यजमान दर वर्षी घाटावरच्या थंड हवेत आठ दिवस काढायचे. भावोजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, माणूस अगदी मोजूनमापून वागणारा. दोन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी डॉक्टरकडे आणली. त्या दिवशी गॅरेजात दोन गाड्या उघडून पडल्या होत्या. ऑइलची पातळी उतरली होती, म्हणजे ब्रेकचे पॅड झिजले होते हे डॉक्टरसारख्याला सांगायला नको. चाकं काढून बघायची, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं, एवढं काम होतं. त्याने कॅन उचलला, वरून ओतलं आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. घरची गाडी होती ना, परक्याची असती तर कदाचित चाक काढलं असतं.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना भावोजींनी गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवली आणि बावीस वळणं ब्रेकवर पाय ठेवून उतरवली. ही चूक त्यांची. आधी जळका वास आला. मग पेडल दगडासारखं कडक, पण गाडी हळू होईना. आणि शेवटच्या वळणाआधी तेच पेडल मऊ होऊन थेट तळाला टेकलं. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. दोघं वाचली. ताईंचा डावा हात कोपरात मोडला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजात आली. मी तिथेच होतो. डॉक्टरने आत बसून पेडल दाबलं, तर पेडल घट्ट. भावोजी शेजारी उभे राहून सांगत होते, की पाय तळाला गेला, खाली काहीच नव्हतं. ताईंच्या मुलाने, म्हणजे डॉक्टरच्या भाच्याने, विचारलं, “मामा, ब्रेकमध्ये काही बिघाड आहे का?”

“ब्रेक ठीक आहे,” डॉक्टर म्हणाला. “पॅड तापलेत. चालवायची पद्धत चुकली.”

अर्धं खरं होतं ते. पॅडला काचेसारखी चकाकी आली होती, डिस्क निळी पडली होती. पण पेडल तळाला जातं ते पॅडमुळे नाही. ऑइलमध्ये पाणी मुरलं की ते लवकर उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पाय दाबतो ते बुडबुड्यांना, चाकाला नाही. गाडी थंड झाली की वाफ विरते आणि पेडल साळसूदपणे जागेवर येतं. डॉक्टरला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मला वाटलं, आता सांगेल. तो काही बोलला नाही, आणि मीही मूग गिळून बसलो. याची लाज मला आजही वाटते.

भाच्याने किल्ल्या काढून घेतल्या. वयामुळे बाबांचा पाय घाबरून दुसऱ्याच पेडलवर पडला असणार, असं घरात ठरलं. काही दिवसांनी भावोजींनाही तसंच वाटू लागलं. ते बाजारात पायी जाऊ लागले. ताईंचा हात सरळ होत नव्हता, म्हणून रोज सकाळी तेच त्यांची वेणी घालायचे. डॉक्टर दर रविवारी तिकडे जाऊन चहा प्यायचा आणि सोमवारी कोणावरही डाफरायचा.

गेल्या महिन्यात मी दुकानात ऑइल तपासायचं यंत्र आणलं. टोक ऑइलात बुडवलं की ते तापवतं आणि कितीला उकळलं तो आकडा दाखवतं. सीलबंद बाटलीतलं ऑइल लावून बघितलं, आकडा दोनशे चाळीस अंशांच्या वर गेला. त्याच दुपारी डॉक्टर आला. हातात औषधाची काचेची बाटली, झाकण गच्च आवळलेलं, आत चहाच्या रंगाचं ऑइल.

“हे भावोजींच्या गाडीचं. चाकापाशी होतं ते. त्याच दिवशी सगळे गेल्यावर काढलं.”

मी विचारलं, “मग दोन वर्षं ठेवलंस कशाला?”

“फेकवलं नाही.”

आकडा आला एकशे अडतीस. मी त्याच्या समाधानासाठी म्हणालो, की भावोजी सगळा घाट ब्रेक तापवतच उतरले होते, चूक त्यांचीही आहे. तो म्हणाला, त्यांची चूक मी सगळ्यांना सांगितली, माझी तेवढी बाटलीत ठेवली. मग म्हणाला, तू बरोबर चल, एकटा गेलो तर वाटेतून परत फिरेन.

ताई आणि भावोजी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. डॉक्टरने बाटली टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॅन, फडक्याचा बोळा, न काढलेलं चाक, उकळलेलं ऑइल, आणि भाच्याला दिलेलं उत्तर. एकही सबब सांगितली नाही. त्याच्या तोंडून इतकं सलग बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

भावोजींनी बाटलीला हात लावला नाही. मग त्यांनी एकच विचारलं.

“म्हणजे माझा पाय ब्रेकवरच होता?”

“ब्रेकवरच होता, भावोजी.”

त्यांनी मान हलवली. डोळे पुसायला चष्मा काढला आणि तो हातातच राहिला. मी खाली बघितलं, तर टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता.

ताई उठल्या. मला वाटलं, आता भावाला चार शब्द सुनावतील. त्यांनी आपल्या वाकड्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

“हाताचं मी कधीच सोडून दिलंय,” त्या म्हणाल्या. “पण दर सकाळी वेणी घालताना हे माझी माफी मागतात. दोन वर्षं. आणि तू रविवारी येऊन समोर बसायचास.”

ताईंनी फोन उचलला आणि मुलाला सांगितलं, की बाबांच्या किल्ल्या घेऊन ये, आत्ता. त्या दिवशी चहा कोणी केला नाही, आणि त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर तिकडे गेला नाही.