न वाजलेला भोंगा

सातपूरच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायची आठवण म्हणून माझा प्रोग्राम रोज नऊला भोंगा वाजवायचा. त्या रविवारी तो वाजला नाही आणि पाणी हवेच्या दाबाबरोबर फवारणीच्या रंगात गेलं.

"काका, कान फुटले का तुमचे?" मालक ऑपरेटरवर ओरडले.

"वाजलाच नाही, शेठ."

लॉगमधली शेवटची नोंद शुक्रवारची होती. प्रोग्राम चालवायच्या परवानग्या ठीक होत्या. सकाळचे दहा वाजले होते, संगणकात मात्र पहाटेचे तीन. शनिवारच्या सुट्टीसाठी मेन स्विच पाडलेला, संगणकातल्या घड्याळाची बॅटरी संपलेली. सातला संगणक सुरू झाल्यावर वेळ रात्री बारापासून मोजली गेली.

"चूक माझी आहे, घड्याळ बरोबर आहे का हे प्रोग्राम तपासतच नव्हता," मी मालकांना सांगितलं.

काका तोवर डागाळलेले भाग घासायला बसले होते. दुसरा पॉलिशपेपर त्यांनी माझ्याकडे सरकवला.