काचबाईंची मुलाखत

रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात सत्तावीस वर्षं गेली, म्हणून हॉस्पिटलात त्यांना सगळे काचबाई म्हणायचे. नाव चेष्टेने पडलं आणि मानाने टिकलं. मशीनने दिलेल्या आकड्याची शंका आली की थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि बाईंपुढे ठेवायचा. त्या मायक्रोस्कोपमधून बघून जे सांगतील ते मोठे डॉक्टरसुद्धा निमूट ऐकायचे.

मग नवऱ्याला पक्षाघात झाला. बाईंनी नोकरी सोडली आणि सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्याचं सगळं केलं. गेल्या वर्षी तो गेला. घर इतकं गप्प झालं की बाईंना स्वतःच्या चपलांचा आवाजही नकोसा व्हायला लागला. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा लॅब हवी होती. पगार हवा होताच, पण त्याहून जास्त हवं होतं ते कुणीतरी येऊन विचारणं, "बाई, जरा ही काच बघता का?"

लेकीने मुलाखतीची तयारी करून घेतली. "आई, ते दोनच गोष्टी विचारतील. कॉम्प्युटर येतो का, आणि नवीन शिकाल का. 'आमच्या वेळी' म्हणालीस ना, तर बघ!" महिनाभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडलेला होता. लेकीची बोलणी खात, कधी रुसत, बाई शिकल्या. अक्षरं पुसट दिसली की त्या दिव्याला नावं ठेवायच्या आणि अक्षरं मोठी करून घ्यायच्या.

मुलाखतीला समोर दोघं होते. लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, आणि नोकरभरती बघणारा एक तरुण. तरुणाने अपेक्षेप्रमाणे सुरुवात केली. "मॅडम, सहा-सात वर्षांत सगळंच बदललंय. जमेल तुम्हाला?"

"पहिलं मशीन आलं तेव्हाही मला हेच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "महिन्याभरात मी इतरांना शिकवत होते. आता शिकवणारी लेक आहे, ती ओरडते जास्त, एवढाच फरक."

डॉक्टरीणबाई हसल्या. बाईंनी बारकोड स्कॅन करून दाखवला, रिपोर्ट उघडला, आणि एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक खरा रिपोर्ट पुढे केला. प्लेटलेट अडतीस हजार, आणि बाजूला मशीनचा इशारा. "हा तुम्ही पाठवाल?"

"मुळीच नाही. पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर मशीन कमी मोजतं. आधी काच बघायची. गुठळ्या दिसल्या तर दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं. उगाच माणसाच्या पोटात गोळा कशाला आणायचा?"

"चला, काच तयारच आहे."

बाई मायक्रोस्कोपवर बसल्या तेव्हा त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. शेजारच्या तंत्रज्ञ मुलीने कॅमेऱ्याचा मोठा पडदा लावायला हात पुढे केला. "राहू दे गं," बाई ऐटीत म्हणाल्या, "मला डोळ्यांनीच बघायची सवय आहे."

त्यांनी डोळे टेकवले आणि समोर नुसतं धुकं दिसलं. बाईंनी चाक फिरवलं. लेन्स पुसली. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. धुकं हललं नाही. घरच्या दिव्याचा काही दोष नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. सहा वर्षं नवऱ्याच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घातले होते, स्वतःचे डोळे दाखवायचं राहूनच गेलं होतं.

"काय दिसतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गुठळ्या आहेत" म्हणायला काहीच जड नव्हतं. बहुतेक त्याच असणार होत्या. पण न बघता काचबाईंनी आयुष्यात एक रिपोर्ट दिला नव्हता.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मुलीने हलकेच पडदा लावला. काचेच्या कडेला गुठळ्या होत्या, बाईंना लांबूनही ओळखता येतील इतक्या मोठ्या.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर काढली. मग हळू म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल. ऑपरेशन करून घ्या. पण काचेची जागा मला याच आठवड्यात भरायला हवी. रिपोर्टवर सही करणाऱ्याचे डोळे..."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा घेतलं नसतं."

"बाहेर नोंदणीच्या काउंटरवर जागा आहे. कॉम्प्युटर तुम्हाला उत्तम येतो."

बाई हो म्हणाल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई! कॉम्प्युटरचं विचारलं का?"

"विचारलं. कॉम्प्युटरवरच घेतलं त्यांनी मला."

लेक फोनवरच ओरडायला लागली. "बघ! मी म्हटलं नव्हतं? आणि काच बघायला दिली का गं? तिथे तर तू सगळ्यांना गार केलं असशील!"

बाईंना खूप रडू आलं. त्या म्हणाल्या, "दिली होती. बघायची सवय राहिली नाही आता." आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला तिला सांगून त्यांनी फोन ठेवला.