रजा कापणारी बातमी

आमच्या कंत्राटदाराची बस चिखलीहून वेळेवर सुटते आणि चाकणच्या अलीकडे हमखास अडकते. मग माझं डोकं तापतं. उतरून चालावं तर दोन्ही अंगांना ट्रेलर खेटलेले, बसावं तर पुढच्या ट्रकचा फाळका वाचत बसायचं. त्या सकाळी बस जागची हलत नव्हती. आत आम्ही पॅकिंगच्या बायका, घामानं चिकटून बसलेल्या.

तेवढ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला : 'कोंडीत गेलेला वेळ कामगारांच्या रजेतून कापणार.' झालं, सगळी बस पेटली. माझ्या शेजारच्या मावशींचा मात्र चेहराच उतरला. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं, म्हणून त्यांनी ताप अंगावर काढला पण रजा मोडली नव्हती. आता त्या लेकीला फोन करून सासरीच थांब म्हणणार होत्या.

मी त्यांचा हात धरला. असल्या फोटोंवर माझा काडीचा विश्वास नाही. नुसता मथळा होता. वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही, कडा कापलेल्या. मी तेच शब्द मोबाइलवर शोधले. एवढा मोठा नियम झाला असता तर सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला असता. सापडला तो एकाच वेबसाइटवर. शेजारची बातमी अशी, की रस्त्यातल्या खड्ड्यांनाही घरपट्टी लागणार. तळाशी 'आमच्याविषयी' उघडलं तर त्यांनी सरळच लिहिलं होतं : इथल्या बातम्या काल्पनिक आहेत, केवळ विनोदासाठी. त्यांनी काही लपवलं नव्हतं. लबाडी केली ती मथळा कापून पुढे ढकलणाऱ्यानं.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. बस खो खो हसली, खड्ड्यांची थकबाकी कोण भरणार यावर चर्चाही झाली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मावशी हसल्या नाहीत. माझा मोबाइल घेऊन त्यांनी ते तळाचं वाक्य बोट ठेवून वाचलं.

"मंग गेल्या महिन्यात माजी अर्धी रजा कापली," त्या म्हणाल्या, "ती बी हसायलाच व्हय?"

आमच्याकडे हजेरीच्या मशीनवर तीनदा उशिरा अंगठा लागला की अर्धी रजा जाते. बस कंत्राटदाराची, उशीर बसचा, रजा आमची. म्हणूनच तर मथळ्यावर कुणी शंका घेतली नव्हती. मला रडू येईल इतका राग आला, आणि तो काढायला समोर फक्त ट्रकचा फाळका होता.

शिफ्ट सुरू होऊन गेली होती. मावशींनी मोबाइल मला परत दिला आणि स्वतःचा कानाला लावला.

"बाळे, तू सासरीच ऱ्हा," त्या म्हणाल्या. "माज्या रजेचं काय खरं न्हाई."